मेन चेन नक्की कोणती? भाच्याच्या टेस्टमधला एक प्रश्न आणि आन्सर कीशी भांडण

गिरगावची_गौरी

भाचा बारावीत आहे, दादरच्या एका क्लासला जातो. परवा त्यांची ऑरगॅनिकची टेस्ट झाली आणि त्यातल्या एका प्रश्नावरून आमच्याकडे अजून जुंपलेली आहे. मी बीएस्सी केमिस्ट्री केलेली, पण त्याला आता बरीच वर्षं झाली, म्हणून इथे विचारते.

रचना अशी:

```
CH3-CO-CH2-CH-CH2-CH2-CHO
           |
           COOH
```

आययूपॅक नाव विचारलंय. पर्याय चार:

अ) 4-कार्बोक्सी-6-ऑक्सोहेप्टॅनल
ब) 5-ऑक्सो-2-(2-ऑक्सोप्रोपाइल)पेंटॅनोइक ॲसिड
क) 4-ऑक्सो-2-(3-ऑक्सोप्रोपाइल)पेंटॅनोइक ॲसिड
ड) 2-ॲसिटोनिल-4-फॉर्मिलब्युटॅनोइक ॲसिड

भाच्याने 'क' लिहिलं. आन्सर की म्हणते 'ब'. क्लासमधल्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ॲल्डिहाइड कीटोनपेक्षा सीनियर, म्हणून मेन चेन ॲल्डिहाइडच्या बाजूने जाते." ऐकायला पटतंय. पण भाचा म्हणतो की त्याने लोकंट, म्हणजे कुठल्या कार्बनवर काय जोडलंय त्याचे आकडे, मोजले आणि क येतं. चार मार्क गेले आणि वर एक मायनस, त्यामुळे गडी जेवायलाही नीट बसत नाहीये. कोण बरोबर?

---

विरारफास्ट

ताई, यात एवढं काय? सगळ्यात लांब साखळी शोधायची हा पहिला नियम. डावीकडून उजवीकडे मोजा, सरळ सात कार्बन आहेत. म्हणजे हेप्टेन. टोकाला CHO आहे म्हणून हेप्टॅनल. COOH खाली लटकतंय, ते कार्बोक्सी. उत्तर अ. क्लासवालेही चूक आणि भाचाही चूक 😀

---

नंबरी

लोकंटचा वाद असेल तर सोपं आहे. दोन्ही बाजूंनी नंबर द्यायचे, बेरीज करायची, ज्याची बेरीज कमी ते बरोबर. आमच्या वेळी असंच शिकवायचे. इथे अ मध्ये 4 आणि 6 म्हणजे 10, उलटीकडून दिले तर 2, 4 आणि 7 म्हणजे 13. म्हणजे अ.

---

मुलुंडचे_मास्तर

गौरीताई, भाच्याचं उत्तर बरोबर आहे. 'क'. त्याला जेवायला बसवा.

आता एकेकाचं बघू. विरारफास्ट, तुमचा नियम अल्केनसाठी ठीक आहे. मिथाइल-इथाइल लटकवलेला हायड्रोकार्बन असेल तर लांब साखळीच बघायची. पण रेणूत फंक्शनल ग्रुप आले की पहिला प्रश्न लांबीचा नसतो. पहिला प्रश्न असतो की नावाच्या शेपटीला कोण बसणार. इथे तिघं उमेदवार आहेत: COOH, CHO आणि कीटोनचा CO. यात COOH सगळ्यांत वरचा. म्हणजे नाव 'ओइक ॲसिड'ने संपणार, आणि ज्याच्या नावाने शेपटी लावली त्याचा कार्बन साखळीत असलाच पाहिजे. सात कार्बनच्या साखळीत COOH चा कार्बन नाहीच, तो बाहेर लोंबतोय. म्हणून ती साखळी कितीही लांब असली तरी बाद. 'अ' गेला.

नंबरी, तुमची बेरीज नंतर घेतो. ती वेगळीच भानगड आहे.

आता COOH चा कार्बन 1. त्याला चिकटलेला CH हा 2. इथून रस्ता फुटतो. एका फांदीत CH2, CO, CH3, म्हणजे तीन कार्बन. दुसऱ्या फांदीत CH2, CH2, CHO, तेही तीन. कुठूनही गेलात तरी एकूण पाच. लांबी बरोबरीत सुटली. पेपर काढणाऱ्याने हे मुद्दाम केलंय, रेणू चांगला निवडलाय. फक्त उत्तर चुकीचं छापलंय.

लांबीनंतर बघायचं कुठल्या साखळीत कार्बन-कार्बनमधले दुहेरी-तिहेरी बंध जास्त आहेत ते. दोन्हीकडे शून्य. मग बघायचं कुठल्या साखळीवर सबस्टिट्यूएंट जास्त आहेत. कीटोनच्या बाजूने गेलात तर साखळीवर दोन गोष्टी: 4 वर ऑक्सो आणि 2 वर ऑक्सोप्रोपाइल. ॲल्डिहाइडच्या बाजूने गेलात तरी दोनच: 5 वर ऑक्सो आणि 2 वर ऑक्सोप्रोपाइल. परत बरोबरी.

आता लोकंट. एकीकडे 2 आणि 4, दुसरीकडे 2 आणि 5. पहिला आकडा सारखा, दुसऱ्यात 4 लहान. संपला विषय. कीटोनची फांदी मेन चेन, ॲल्डिहाइडची फांदी सबस्टिट्यूएंट. 4-ऑक्सो-2-(3-ऑक्सोप्रोपाइल)पेंटॅनोइक ॲसिड.

---

गिरगावची_गौरी

धन्यवाद सर! भाच्याला वाचून दाखवलं, कॉलर ताठ झालीय. पण एक शंका राहतेच. CHO हा CO पेक्षा वरचा हे तर खरं ना? मग मेन चेन निवडताना त्याचा काहीच उपयोग नाही?

---

मुलुंडचे_मास्तर

नाही, आणि गोम नेमकी इथेच आहे. ती सीनियॉरिटीची यादी एकदाच वापरायची असते, शेपटी कोणाची हे ठरवायला. सोसायटीत अध्यक्ष एकदा निवडून आला की बाकीच्या उमेदवारांना किती मतं पडली होती ते बघून पार्किंग वाटत नाहीत. COOH निवडला गेला की CHO आणि CO दोघेही नुसते 'ऑक्सो'. दोघांचं नावसुद्धा एकच झालं बघा. नियमांच्या नजरेला आता ते साध्या मिथाइल-क्लोरोच्या रांगेत उभे आहेत, त्यांच्यात लहानमोठं कोणी नाही.

क्लासच्या सरांनी केलंय ते असं की COOH ला पहिला नंबर दिल्यावर यादीत दुसरा कोण हे शोधलं आणि साखळी तिकडे वळवली. अशी चूक मी पेपर तपासताना फार पाहिली आहे. ओळखायची खूण सांगतो: उत्तराचं कारण देताना कोणी 'सीनियर' हा शब्द दुसऱ्यांदा वापरला, तर तिथे थांबून तपासा.

'ड'बद्दलही सांगून टाकतो, कारण हुशार मुलं तिथेही अडकतात. त्यात साखळी चार कार्बनची धरली आणि CHO ला फॉर्मिल म्हणून बाहेर लटकवलं. पण CHO चा कार्बन हा इतर कार्बनसारखाच कार्बन आहे. तो साखळीच्या टोकाला सरळ रेषेत बसत असेल तर त्याला आत घ्यायचा, म्हणजे चारची पाच होते आणि तो 5-ऑक्सो होतो. फॉर्मिल कधी म्हणायचं? CHO खरोखरच साखळीच्या कडेला लटकत असेल आणि आत घेणं शक्य नसेल तेव्हा. उदाहरणार्थ हे:

```
CH3-CH2-CH2-CH-COOH
            |
            CHO
```

COOH पासून निघालात तर प्रोपाइलच्या बाजूने पाच कार्बन होतात, CHO च्या बाजूने तीन. म्हणून 2-फॉर्मिलपेंटॅनोइक ॲसिड. इथे फॉर्मिल एकदम रास्त.

---

विरारफास्ट

मान्य. पण मग शाळेत सांगतात ते 'सर्वात लांब साखळी' अर्धवटच म्हणायचं की. आम्हाला दहावीत तेवढंच होतं.

---

मुलुंडचे_मास्तर

दहावीत तेवढंच पुरतं, तिथे एका रेणूत एकच गट असतो.

आता नंबरींची बेरीज. बेरजेचा नियम आययूपॅकमध्ये नाही. कमी लोकंट म्हणजे दोन्ही यादी चढत्या क्रमाने लिहायच्या आणि पहिला फरक जिथे पडेल तिथे ज्याचा आकडा लहान तो जिंकला. बेरजेने बहुतेक वेळा तेच उत्तर येतं म्हणून ती समजूत टिकून आहे. पण डेकेनवर तीन मिथाइल घ्या. एका बाजूने 2, 7, 8 येतात आणि दुसऱ्या बाजूने 3, 4, 9. बेरीज 17 आणि 16. बेरीजवाला 3, 4, 9 लिहील. बरोबर नाव आहे 2,7,8-ट्रायमिथाइलडेकेन, कारण पहिल्याच आकड्यात 2 हा 3 पेक्षा लहान. शिवाय मूळ प्रश्न नंबर कुठून द्यायचे हा नव्हताच. साखळी कोणती हे आधी ठरल्याशिवाय नंबराला हात लावायचा नाही.

---

नंबरी

2, 7, 8 चं उदाहरण वहीत उतरवून घेतलं. एवढी वर्षं बेरीज करत होतो, कधी अडलं नाही, हेही खरं.

---

फळा_खडू

मी ठाण्यात अकरावी-बारावीला शिकवतो. मास्तरांचा या रेणूपुरता निकाल मान्य. पण 'बाकीचे सगळे सारखे' हे मला पटत नाही. आम्ही मुलांना सांगतो की मेन चेनमध्ये जास्तीत जास्त फंक्शनल ग्रुप आले पाहिजेत. बाजारातल्या कित्येक पुस्तकांत हे लिहिलंय आणि प्रश्नही त्यावरच येतात. एक रेणू देतो:

```
CH3-CH(OH)-CH2-CH-CH2-CH2-CH3
               |
               COOH
```

आमच्या नियमाने OH वाली बाजू घ्यायची, म्हणून 4-हायड्रॉक्सी-2-प्रोपाइलपेंटॅनोइक ॲसिड. मास्तर, तुमच्या नियमाने काय येतं?

---

मुलुंडचे_मास्तर

तेच येतं, पण कारण वेगळं. लांबी दोन्हीकडे पाच. दुहेरी बंध नाही. मग सबस्टिट्यूएंटची मोजणी. OH च्या बाजूने गेलात तर साखळीवर दोन आहेत, हायड्रॉक्सी आणि प्रोपाइल. दुसऱ्या बाजूने गेलात तर एकच, तो म्हणजे 2-हायड्रॉक्सीप्रोपाइल हा अख्खा तुकडा. जास्त सबस्टिट्यूएंट असलेली साखळी घ्यायची, म्हणून OH ची बाजू. तिथे OH च्या जागी नुसता मिथाइल किंवा क्लोरीन असता तरी निकाल हाच लागला असता. गट फंक्शनल आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नाही.

तुमचा नियम लांबी सारखी असते तिथे बहुतेक चालून जातो, म्हणूनच तो पुस्तकांत टिकलाय. लांबी वेगळी झाली की तो पडतो. हा घ्या:

```
HO-CH2-CH-CH2-CH2-CH3
       |
       COOH
```

आता बोला.

---

फळा_खडू

3-हायड्रॉक्सी-2-प्रोपाइलप्रोपॅनोइक ॲसिड. दोन्ही गट साखळीत.

---

मुलुंडचे_मास्तर

आणि आययूपॅकप्रमाणे 2-(हायड्रॉक्सीमिथाइल)पेंटॅनोइक ॲसिड. शेपटी COOH ची, ती एकच आहे, ती दोन्ही साखळ्यांत आहे. मग लांबी: पाच विरुद्ध तीन. पाच जिंकली. OH साखळीबाहेर गेला तर गेला, हायड्रॉक्सीमिथाइल म्हणून त्याची नोंद नावात आहेच.

'जास्तीत जास्त' हा शब्द मूळ नियमात आहे, पण तो शेपटीवाल्या गटासाठी आहे. रेणूत दोन COOH असतील तर दोन्ही ज्या साखळीत येतात ती साखळी घ्या, मग ती तोकडी असली तरी चालेल. कोणीतरी पुढे सांगताना 'शेपटीवाला' गाळला आणि 'सगळे फंक्शनल ग्रुप' असं झालं, असा माझा अंदाज आहे.

---

फळा_खडू

अंदाज तुमचा बरोबर असेलही. पण माझी मुलं ज्या पुस्तकांतून सराव करतात त्यांत 3-हायड्रॉक्सी-2-प्रोपाइल या धर्तीची उत्तरं छापलेली आहेत. मी वर्गात एक सांगायचं, पुस्तकाने दुसरं, आणि मुलाने तीन तासांच्या पेपरात कोणाचं ऐकायचं? ऑब्जेक्टिव्हमध्ये चार पर्यायांतलं एकच बरोबर धरतात. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला पालकांचे फोन येत नाहीत.

---

मुलुंडचे_मास्तर

फोन येत नाहीत हे सुख आहे, कबूल. पण चारपैकी एखाद्या पर्यायात लांब साखळीवालं नाव असेल तर मुलाने तेच निवडावं असं मी म्हणेन. ते नसेल आणि तोकडं असेल तर तोकडं लिहून पुढे जावं, नावावरून रेणू तोच निघतो.

---

फळा_खडू

दोन्ही नावं पर्यायांत असली तर? तशी येतात हो. मी तरी अजून वर्गात पुस्तकाप्रमाणेच सांगतो आणि वर एक तळटीप देतो. यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

---

तुर्भेकर

मास्तर, जरा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न. मी तुर्भ्याला एका औषध कंपनीत डॉक्युमेंटेशनला आहे. व्हॅल्प्रोइक ॲसिड हे फिट्सवरचं औषध तुम्हाला माहीत असेलच, 2-प्रोपाइलपेंटॅनोइक ॲसिड. नाव बघितल्यावर वाटतं की दोन प्रोपाइल आहेत मग एकच का दिसतो; पण दुसरा प्रोपाइल साखळीतच जिरलाय, हे नवीन पोरांना दरवेळी सांगावं लागतं.

त्याच घराण्यातला एक भाऊबंद, ज्यात एका प्रोपाइलच्या टोकाला दुहेरी बंध आहे, तो 2-प्रोपाइलपेंट-4-ईनोइक ॲसिड. यकृताला त्रास देणारा मेटाबोलाइट म्हणून त्याच्यावर बरंच लिहिलं गेलंय. त्याच्या नावाबद्दल भांडण नाही. भांडण एक कार्बन कमी केला की सुरू होतं:

```
CH2=CH-CH-CH2-CH2-CH3
       |
       COOH
```

आमच्याकडच्या एका जुन्या रिपोर्टमध्ये याला 2-प्रोपाइलब्युट-3-ईनोइक ॲसिड म्हटलंय, आणि नव्यात 2-इथेनाइलपेंटॅनोइक ॲसिड. आमच्या ट्रेनीने या दोन वेगळ्या इम्प्युरिटी समजून तक्त्यात दोन ओळी केल्या. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी सापडलं म्हणून बरं. तर यातलं चूक कोणतं?

---

मुलुंडचे_मास्तर

दोन्ही आपापल्या काळात बरोबर. हा खरोखर बदललेला नियम आहे.

1979 च्या नियमावलीत साखळी निवडताना दुहेरी-तिहेरी बंधांची संख्या लांबीच्या आधी बघायचे. तुमच्या रेणूत COOH पासून व्हिनाइलच्या बाजूने चार कार्बन आणि एक दुहेरी बंध, प्रोपाइलच्या बाजूने पाच कार्बन आणि दुहेरी बंध शून्य. जुन्या क्रमाने दुहेरी बंध आधी, म्हणून ब्युट-3-ईनोइक. 2013 च्या शिफारशींत क्रम उलटा झाला: आधी लांबी, लांबी सारखी असेल तरच दुहेरी बंध. म्हणून पेंटॅनोइक, आणि व्हिनाइल झाला 2-इथेनाइल.

तुमच्या आधीच्या रेणूत, पेंट-4-ईनोइकमध्ये, दोन्ही फांद्या सारख्या लांबीच्या आहेत. लांबी बरोबरीत, मग दुहेरी बंध निकाल देतो. म्हणून ते नाव 1979 मध्येही तेच आणि आजही तेच.

कागदपत्रांपुरतं म्हणाल तर नावावरून दोन ओळी एक आहेत की वेगळ्या हे ठरवू नका. दोन्ही नावांवरून रचना काढा आणि रचना ताडून बघा. दोन्हीकडून C7H12O2 येईल, पण ते पुरेसं नाही, कारण तेच सूत्र असलेले कितीतरी रेणू आहेत. कुठला कार्बन कोणाला जोडलाय हे बोटाने मोजायचं.

---

तुर्भेकर

म्हणजे रिपोर्टच्या तारखेवरून नाव वाचायचं. ट्रेनीला सांगतो. तक्त्यात आता रचनेचं चित्र सक्तीचं केलंय, तेवढ्याने अर्धी भांडणं मिटलीत.

---

पूर्वा_अकरावी

नमस्कार, मी अकरावीत आहे, धागा पहिल्यापासून वाचला. एक प्रश्न. गौरीताईंच्या रेणूत सर म्हणाले की दुहेरी बंध दोन्हीकडे शून्य. पण C=O मध्येही दुहेरी बंधच असतो ना? तो का मोजला नाही?

---

विरारफास्ट

हे मी सांगतो, आता शिकलोय 😀 साखळी कार्बनची आहे, म्हणून कार्बन-कार्बनमधलाच बंध मोजायचा. ऑक्सिजन साखळीत नाहीच, तो वर बसलाय.

---

मुलुंडचे_मास्तर

बरोबर. C=C असला की साखळीचा सांगाडाच बदलतो, 'पेंटॅन'चा 'पेंटीन' होतो. C=O ला ऑक्सो म्हणून वरून चिकटवतात, सांगाडा तोच राहतो. पूर्वा, हे पक्कं व्हावं म्हणून हा कर:

```
CH2=CH-CH2-CH-CH2-CO-CH3
           |
           COOH
```

---

पूर्वा_अकरावी

ट्रेनमध्ये केला. COOH शेपटी. दोन्ही बाजूंनी पाच कार्बन. आमच्या पुस्तकातल्या यादीत कीटोन वर आहे आणि C=C अगदी खाली, म्हणून कीटोनची बाजू घेतली. 4-ऑक्सो-2-(प्रॉप-2-ईन-1-इल)पेंटॅनोइक ॲसिड.

---

गिरगावची_गौरी

पूर्वा, इथे भाचा बाजूला बसून उड्या मारतोय, त्याचं म्हणणं टाइप करते. "यादी दुसऱ्यांदा वापरली! सर म्हणाले ना एकदाच वापरायची." त्याचं उत्तर: लांबी बरोबरीत, मग दुहेरी बंध. तो डावीकडच्या साखळीत आहे, उजवीकडच्या साखळीत नाही. म्हणून डावीकडची. 2-(2-ऑक्सोप्रोपाइल)पेंट-4-ईनोइक ॲसिड.

---

मुलुंडचे_मास्तर

भाचा पास. दुहेरी बंध यादीत तळाला आहे, पण साखळी निवडताना त्याला ऑक्सोच्या आधी विचारतात, कारण तो सांगाड्याचा भाग आहे. हा रेणू 1979 च्या क्रमानेही असाच सुटतो, म्हणजे फळा_खडू सरांनाही हरकत नसावी.

---

फळा_खडू

हरकत आहे! 😀 माझ्या नियमाने कीटोनची बाजू घेतली तर साखळीत COOH आणि CO, दुसरी घेतली तर COOH आणि C=C. आमच्या यादीत C=C हाही फंक्शनल ग्रुपच, म्हणजे दोन्हीकडे दोन. माझ्या नियमाने हा सुटतच नाही. उद्या वर्गात फळ्यावर टाकतो, बघू पोरं काय करतात.

---

गिरगावची_गौरी

क्लासच्या सरांना भाच्याने 2 आणि 4 विरुद्ध 2 आणि 5 कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "बघतो, पण रँक लिस्ट लागून गेलीय." म्हणजे मार्क मिळणार की नाही ते गुलदस्त्यातच. उत्तर मात्र त्यांनी खोडून 'क' केलं म्हणे, पेन्सिलने.

---

पूर्वा_अकरावी

सर, शेवटचं. गौरीताईंच्या पहिल्या रेणूच्या नावात ऑक्सो आधी आणि ऑक्सोप्रोपाइल नंतर, ते 2 आणि 4 अशा आकड्यांच्या क्रमाने का नाही लिहिलं?

---

मुलुंडचे_मास्तर

प्रिफिक्स इंग्रजी वर्णक्रमाने लिहितात, आकड्याच्या क्रमाने नाही. कंसातल्या तुकड्याचं पूर्ण नाव धरायचं. दोन्हीची पहिली तीन अक्षरं oxo, तिथे एक संपतं आणि दुसऱ्यात पुढे p येतो. संपलेलं आधी. आणि 3 हा आकडा त्या फांदीचा स्वतःचा आहे, मेन चेनचा नाही, म्हणून कंस विसरायचा नाही. कंस काढलास तर मेन चेनवरच्या 3 ला काहीतरी चिकटलंय असं वाचणाऱ्याला वाटेल.